निकालाआधीची दहा मिनिटं

हे सावकाश वाचा. परीक्षकाच्या खुर्चीत बसायचं आहे, आणि तिथं घाई उपयोगाची नसते.

तारीख १ ऑगस्ट. शाळेचा हॉल, भिंतीशी टेबल, टेबलावर दोन तसबिरी, दोन्हींना ताजे हार. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. त्यामुळे महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये हा दिवस पुण्यतिथीचा आणि जयंतीचा, आणि फार ठिकाणी वक्तृत्व स्पर्धेचा. गट पाचवी ते सातवीचा. वेळ पाच मिनिटं, चौथ्या मिनिटाला पहिली घंटा, पाचव्याला दुसरी. बावीस मुलं बोलून झाली आहेत. शेवटचा क्रमांक खाली बसला, टाळ्या थांबल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई माइकवर म्हणाल्या, "आता निकाल हाती येईपर्यंत आपण परीक्षकांचं मनोगत ऐकू या."

ते परीक्षक तुम्ही आहात. पण अजून उठू नका. बेरजेला थोडा वेळ लागेल. तेवढ्यात समोरच्या कागदाकडे नीट पाहून घ्या, कारण तुम्हाला जे बोलायचं आहे ते सगळं त्या कागदावर आहे.

कागदावर पाच रकाने आहेत. आशय चाळीस गुण, भाषा आणि मांडणी पंचवीस, उच्चार आणि आवाज वीस, देहबोली दहा, वेळ पाच. शाळेगणिक आकडे थोडे बदलतात, रकाने साधारण हेच असतात. शेवटी एक अरुंद रकाना शेऱ्याचा. बरेच परीक्षक तो कोरा ठेवतात. तुम्ही ठेवला नसेल अशी मला आशा आहे, कारण मनोगताला खरा उपयोग त्याचाच होतो. प्रत्येक क्रमांकासमोर दोन-तीन शब्द, तेही मूल बोलत असतानाच लिहिलेले. 'पेन्सिल'. 'आजोबांना विचारलं'. 'मंडाले, थांबला, पुढे गेला'. चार तासांनी हे शब्द वाचले की ते मूल डोळ्यांसमोर उभं राहतं. गुणाच्या आकड्यावरून कुणीच उभं राहत नाही.

आता पहिल्या रकान्यापाशी थांबा.

आज तुम्ही शेंगांच्या टरफलांची गोष्ट बऱ्याच वेळा ऐकलीत. बावीस मुलांपैकी टिळकांवर बोलणारी जवळपास सगळी मुलं तिच्यावरूनच गेली. कुणी तिथं आवाज चढवला, कुणी हात आडवा केला. सातव्या-आठव्या वेळी ती कानावर पडताना तुमचं मन जरा कंटाळलं का, हे स्वतःला विचारा. कंटाळलं असेल तर त्याचा भुर्दंड सातव्या मुलाला पडता कामा नये. आधीच्या सहा मुलांनी तीच गोष्ट सांगितली, हे त्याच्या हातात नव्हतं. चिठ्ठीत त्याचा क्रमांक उशिरा आला, एवढंच. म्हणून आशयाचे गुण देताना प्रश्न असा विचारायचा की या मुलानं त्या गोष्टीचं पुढे काय केलं. एकानं गोष्ट सांगितली आणि लगेच जन्मतारखेकडे वळला. दुसऱ्यानं गोष्ट सांगून विचारलं की न केलेल्या चुकीची शिक्षा नाकारणारा हाच मुलगा मोठेपणी राजद्रोहाच्या खटल्यात न्यायालयापुढे उभा राहिला, तेव्हा तो वेगळा वागला का? गोष्ट तीच. पण दुसऱ्या मुलानं १९०८ सालाला शाळेतल्या त्या वर्गाशी जोडलं. चाळीसमधले दहा-बारा गुण या जोडण्यासाठी आहेत. उरलेले माहितीच्या खरेपणासाठी आणि विषय न सोडण्यासाठी.

मनोगतात हे सांगायला हवं. मुलांना वाटतं की परीक्षकांना नवी माहिती हवी होती. मग पुढच्या वर्षी ती कुठून तरी अवघड माहिती शोधून आणतात, पाठ करतात, आणि पुन्हा तिथंच राहतात. तुम्ही साध्या शब्दांत सांगा: "टरफलांची गोष्ट सांगितली म्हणून कुणाचाही एकसुद्धा गुण कमी केलेला नाही. ती सांगून झाल्यावर तुम्ही पुढं काय बोललात, ते आम्ही ऐकत होतो."

आता एक श्वास घ्या आणि क्रमांक एककडे परत जा.

क्रमांक एकचं मूल सगळ्यात अवघड वेळी बोललं. तेव्हा तुमच्याकडे तुलनेला काही नव्हतं. पुढे कोण कसं बोलेल माहीत नाही म्हणून तुमचा हात आखडला, आणि चाळीसपैकी सव्वीसवर थांबलात. हे प्रत्येक परीक्षकाचं होतं. त्यावर उपाय साधा आहे. पहिल्या तीन मुलांचे गुण पेन्सिलीनं लिहायचे आणि चौथ्यानंतर त्या तिघांकडे पुन्हा पाहायचं. शेऱ्याचा रकाना भरलेला असेल तर हे करता येतं. भरलेला नसेल तर पहिलं मूल फक्त एका आकड्याच्या रूपात शिल्लक राहतं, आणि आकड्याकडे पुन्हा पाहून काही कळत नाही. पेन्सिलीच्या आकड्यांवर आता पेन फिरवा. एकाचे दोन गुण वाढतात, दुसऱ्याचे आहेत तसेच राहतात. मनोगतात हेही सांगता येतं, आणि सांगितलं की पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी निघाल्यावर तोंड पाडलेलं मूल सरळ होऊन बसतं.

पुढचा भाग जास्त नाजूक आहे. मुलं विसरतात तेव्हाचा.

आज पाच-सहा मुलं अडखळली असतील. मूल बोलता बोलता थांबतं, ओठ हलतात, नजर छताकडे जाते. सभागृहात कुणीतरी बारीक आवाजात पुढचा शब्द सुचवतं. अशा वेळी बरेच परीक्षक देहबोलीच्या रकान्यात आत्मविश्वासाचे दोन गुण कापतात आणि मोकळे होतात. तुम्ही तसं करू नका. मूल थांबल्यावर कुठे गेलं, ते पाहा. काही मुलं परिच्छेदाच्या सुरुवातीकडे परत जातात. "दिनांक २३ जुलै १८५६ रोजी" हे वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणतात आणि त्याच वेगानं येऊन पुन्हा तिथंच अडतात. त्या मुलाला मजकुराचा क्रम येतो, मजकूर येत नाही. भाषण कुणीतरी लिहून दिलेलं आहे आणि ते एका दमात पाठ केलेलं आहे. काही मुलं मात्र थांबतात आणि पुढे जातात. विसरलेला भाग तसाच सोडतात, तुटक का होईना, आपल्या शब्दांत म्हणतात, "मंडालेला ते सहा वर्षं होते, आणि तिथं त्यांनी गीतारहस्य लिहिलं, पेन्सिलीनं लिहिलं." वाक्य लंगडं झालं. पण या मुलाला मंडाले माहीत आहे. त्याच्या आशयाच्या रकान्यातून गुण काढायचं कारणच नाही. उलट याच जागी तुम्हाला कळलं की हा आशय त्याचा स्वतःचा आहे.

पाठांतर ओळखण्याच्या अजून दोन खुणा आहेत. एक म्हणजे श्वास. मूल अर्थ संपतो तिथं श्वास घेतं की वहीतली ओळ संपते तिथं? 'लोकमान्यांनी १८८१ मध्ये केसरी हे' आणि श्वास, मग 'वृत्तपत्र सुरू केले'. असं ऐकलं की वहीचं पान दिसायला लागतं. दुसरी खूण हाताची. समजून बोलणाऱ्याचा हात शब्दाबरोबर किंवा शब्दामागून येतो. शिकवलेला हात शब्दाच्या आधी वर जातो आणि शब्दाची वाट पाहत थांबतो. या खुणा सापडल्या म्हणून मुलाला दोषी धरायचं नाही. दहा-अकरा वर्षांचं मूल घरच्यांनी लिहून दिलेलं भाषण म्हणतं, यात त्याची चूक कुठली? पण आशयाचे गुण मुलाच्या आशयाला द्यायचे असतात. मोठ्यांनी लिहिलेल्या तेजस्वी विशेषणांच्या रांगेला ते दिले, तर आपल्या शब्दांत बोलणाऱ्या मुलावर अन्याय होतो. पाठांतराची मेहनत मूल करतंच. तिची दखल भाषेच्या आणि उच्चाराच्या रकान्यात घेता येते, तिथं ती घ्या.

आणि उच्चाराच्या रकान्याचं काय?

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं जास्त थांबू या. एखादं मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणतं, 'ण'च्या जागी 'न' येतो. 'शाळा'ची 'साळा' होते. घरी वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणारं मूल क्रियापदं वेगळी वापरतं. परीक्षक पुण्या-मुंबईकडचे असतील तर पेन पटकन खाली जातं. माझं मत स्पष्ट आहे: या रकान्यात दोनच गोष्टी मोजाव्यात. शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचला का, आणि आवाज अर्थाप्रमाणे बदलला का. स्पर्धेच्या पत्रकात 'प्रमाण भाषेत बोलावे' अशी अट आधी छापली असेल तर ती पाळावी लागेल, आणि तेव्हाही गुण कापायचे ते वीसमधले दोन किंवा तीन. अट छापली नसेल तर कापायचा अधिकारच नाही. आणि कोणत्याही परिस्थितीत 'पानी' म्हणणाऱ्या मुलाचा आशय कमी होत नाही. अण्णा भाऊंनी 'फकिरा' लिहिली ती १९५९ सालची. वारणेच्या खोऱ्यातली माणसं तिच्यात आपल्या बोलीत बोलतात, आणि १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्यांच्याच जयंतीला एखाद्या मुलाचे गुण बोलीसाठी जाणं बरं दिसत नाही.

हे मनोगतात सांगताना कुणाचा क्रमांक घेऊ नका. फक्त एवढं म्हणा: "घरी जसं बोलता तसे काही शब्द आज तुमच्या भाषणात आले. त्यांच्यासाठी आम्ही गुण कमी केलेले नाहीत." हॉलच्या मागच्या बाजूला काही डोकी वर होतील. कुणाची ते बघत बसू नका.

आता बेरीज आली. तीन परीक्षकांचे तीन कागद एका टेबलावर ठेवले गेले आहेत. इथं घाई करण्याचा मोह फार असतो, कारण मुलं भुकेली झालेली असतात आणि मुख्याध्यापक घड्याळाकडे बघत असतात. तरीही तीन क्रमांकांपाशी थांबा: चार, नऊ आणि सतरा.

क्रमांक चार, सहावीतली मुलगी. अण्णा भाऊंवर बोलली. वाटेगावाहून ते वडिलांबरोबर चालत मुंबईला गेले, एवढ्या एकाच गोष्टीवर ती पाच मिनिटं बोलली. वाटेत माणसं काय खात असतील, कुठं झोपत असतील, हे तिनं आपल्या आजोबांना विचारलं होतं. आजोबा तरुणपणी ऊसतोडीला चालत गेले होते. आवाज बारीक, मान थोडी खाली. दुसऱ्या घंटेच्या आत संपवलं. क्रमांक नऊ, सातवीतला मुलगा. टिळक, टरफलं, खणखणीत आवाज, सगळा हॉल गप्प. चाळीस सेकंद जास्त बोलला. क्रमांक सतरा, मंडाले आणि गीतारहस्य. मघाशी थांबला आणि पुढे गेला, तो हाच.

पहिल्या परीक्षकांनी चारला ६२, नऊला ८० आणि सतराला ७१ दिले. दुसऱ्यांनी ७६, ७१, ७४. तिसऱ्यांनी ७५, ७०, ७३. बेरीज करा. चारचे २१३, नऊचे २२१, सतराचे २१८. म्हणजे नऊ पहिला, सतरा दुसरा, चार तिसरी. पण पुन्हा पाहा. तीनपैकी दोन परीक्षकांनी चारला पहिलं ठेवलं होतं. तरी ती तिसरी आली. का? पहिल्या परीक्षकांच्या हातात चार आणि नऊ यांच्यात अठरा गुणांचं अंतर आहे. बाकी दोघांच्या हातात पाच-पाच गुणांचं, म्हणजे मिळून दहा. ज्याचा हात मोकळा, त्याचं मत जड होतं, आणि हे त्या दोघांच्या लक्षातही येत नाही. गुणांऐवजी क्रमांक धरले, म्हणजे प्रत्येकाच्या कागदावर कोण पहिला, कोण दुसरा एवढंच बघून बेरीज केली, तर चारची बेरीज पाच, सतराची सहा, नऊची सात. सगळ्यात कमी बेरीज पहिली. निकाल बरोबर उलटा झाला, फक्त सतरा दोन्हीकडे मधेच राहिला.

मग खरा निकाल कुठला? इथं मनाला थोडा वेळ द्या. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत. गुणांची बेरीज किती चांगलं हे सांगते, पण मोकळ्या हाताच्या परीक्षकाला जास्त वजन देते. क्रमांकांची बेरीज सगळ्यांना सारखं वजन देते, पण कोण कुणापेक्षा किती पुढं होतं, हे पुसून टाकते. म्हणून निवड स्पर्धेआधी व्हायला हवी आणि कागदावर लिहिलेली हवी. आकडे दिसल्यावर पद्धत बदलणं म्हणजे विजेता निवडणंच, मग हेतू कितीही चांगला असो. या स्पर्धेच्या पत्रकात 'गुणांची बेरीज' असं लिहिलं आहे. तेव्हा बेरीजच.

पण एक गोष्ट करता येते, आणि ती करायला हवी. रकाने उघडून बघायचे. क्रमांक चारसाठी पहिल्या परीक्षकांच्या कागदावर आशय २४, भाषा १७, उच्चार १२, देहबोली ४, वेळ ५. दुसऱ्यांच्या कागदावर आशय ३५, भाषा १९, उच्चार १२, देहबोली ५, वेळ ५. फरक चौदा गुणांचा, त्यातले अकरा एकट्या आशयाचे. आवाजाच्या रकान्यात दोघांचेही बारा. म्हणजे आवाज बारीक होता, हे दोघांनाही पटलेलं आहे. मग आशयात एवढी दरी कशी? पहिले परीक्षक पंख्याखाली बसले होते. आजोबांचा भाग त्यांना अर्धामुर्धा ऐकू आला. त्यांनी बारीक आवाजासाठी आवाजाच्या रकान्यात गुण कापले, आणि ऐकू आलं नाही म्हणून आशयातही कापले. एकाच गोष्टीसाठी मुलीला दोनदा दंड झाला. असं होतं तेव्हा ते असंच दिसतं: एका रकान्यात परीक्षकांचं एकमत आणि शेजारच्या रकान्यात मोठी दरी.

बाकीच्या दोघांनी त्यांचे आकडे बदलायचे नाहीत, बदला असा आग्रहही धरायचा नाही. फक्त विचारायचं की तुम्ही काय ऐकलंत. ते आपला शेरा वाचतात, 'चालत मुंबई, आजोबा?' असं प्रश्नचिन्हासकट लिहिलेलं. जे ऐकलं तेवढ्यालाच गुण देता येतात, असं ते म्हणतात, आणि ते बरोबर आहे. पण प्रश्नचिन्हासाठी कापलेले गुण ते परत देतात. चोवीसचे तीस करतात, शेजारी सही करतात. बेरीज पुन्हा. चारचे २१९, नऊचे २२१, सतराचे २१८.

नऊ पहिला, चार दुसरी, सतरा तिसरा. तुमच्या मनात चार पहिली होती कदाचित. राहू दे. तिघांनी सह्या केल्या आहेत. आता हा निकाल तिघांचा आहे.

आता उठायची वेळ झाली.

माइककडे जाण्याआधी क्रम ठरवा. आधी मनोगत, मग निकाल. निकालानंतर मनोगत ठेवलं की ज्यांना बक्षीस नाही ती मुलं दप्तर उचलतात, आणि सगळ्यात जास्त सांगायचं असतं ते त्यांनाच. पण निकालाआधी बोलताना निकाल कळेल असं काही बोलायचं नाही. त्यासाठी एक नेम पाळा: कौतुक क्रमांक घेऊन करायचं, चूक क्रमांक न घेता सांगायची. आणि कौतुक सगळ्यांचं करायचं, बावीसच्या बावीस जणांचं, क्रमांक एकपासून ओळीनं. प्रत्येकी वीस सेकंद धरले तरी सात मिनिटांच्या आसपास होतात. 'सर्वच स्पर्धक उत्कृष्ट होते' असं म्हणायला चार सेकंद लागतात, आणि ते कुणालाच लागू पडत नाही.

शेऱ्याचा रकाना समोर धरा आणि सावकाश बोला.

"क्रमांक एक, पहिलं बोलणं अवघड असतं. तू 'अध्यक्ष महाशय' म्हणून क्षणभर थांबलास, सगळ्यांकडे पाहिलंस, आणि मग सुरुवात केलीस. क्रमांक दोन, लाल बावटा कलापथकाचं साल तू बरोबर सांगितलंस, १९४४, आणि अमर शेखांचं नावही घेतलंस. क्रमांक चार, तू आजोबांना प्रश्न विचारलास आणि त्यांचं उत्तर इथं घेऊन आलीस. क्रमांक नऊ, तुझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला आणि एकदाही किंचाळला नाही. क्रमांक सतरा, तू थांबलास तेव्हा मागे गेला नाहीस, पुढे गेलास. क्रमांक बावीस, सगळे कंटाळले होते, तरी तू शेवटचं वाक्य पहिल्या वाक्याएवढ्याच जोरात म्हणालास."

बघा, यात कुठेही 'छान', 'सुंदर', 'उत्तम' नाही. जे झालं ते सांगितलं आहे. मुलाला स्वतःलाही माहीत नसतं की आपण थांबून पुढे गेलो. त्याला वाटत असतं की आपण विसरलो. तुम्ही सांगितल्यावर त्याला ती गोष्ट पुन्हा करता येते. कौतुकाचं मला एवढंच काम माहीत आहे.

मग चुकांकडे या. तीनच सांगा, जास्त नाहीत. वेळ: दुसऱ्या घंटेनंतर बोलत राहिलेल्या सगळ्यांचे पाचमधले दोन गुण सारखेच गेले, कुणाची गय नाही आणि कुणावर राग नाही. आवाज: तोंड माइककडे आणि नजर शेवटच्या बाकाकडे ठेवायची, मान खाली गेली की माइकसुद्धा काही करू शकत नाही. आणि तिसरी, आशयाची: "घरी कुणी भाषण लिहून दिलं असेल, तर त्यातलं एक वाक्य काढा आणि त्या जागी तुमचं स्वतःचं एक वाक्य घाला. पुढच्या वर्षी दोन घाला."

गुण कसे दिले ते आता सांगा. रकाने वाचून दाखवा, आकड्यांसकट. तिन्ही परीक्षकांच्या गुणांची बेरीज केली, हे सांगा. पहिल्या तिघांत फार थोडं अंतर आहे, हे खरं आहे, तेही सांगा. कुणाच्या कागदावर कोण पहिला होता, हे मात्र कधीच सांगू नका, आत्ताही नाही आणि बाहेर चहा घेतानाही नाही. सही केलेला कागद तिघांचा असतो. तो फोडला की दुसरी आलेली मुलगी आपल्याला पहिली यायला हवं होतं असं धरून बसते, आणि पहिला आलेला मुलगा आपलं बक्षीस उसनं आहे असं. दोघांनाही ते वर्षानुवर्षं पुरतं.

निकाल खालून वर वाचा. उत्तेजनार्थ, तृतीय, द्वितीय, प्रथम. गुणांचे आकडे जाहीर करू नका. मागितले तर त्या मुलाचा त्याचाच कागद दाखवावा, दुसऱ्याचा नाही.

कार्यक्रम संपल्यावर एक आई किंवा वडील येतील. बहुधा बक्षीस न मिळालेल्या मुलाचे. "सर, माझ्या मुलाचं कुठं चुकलं?" मूल शेजारी उभं असेल. उत्तर मुलाकडे बघून द्या, पालकांकडे बघून नाही. शेऱ्याचा रकाना काढा. तिथं काय लिहिलं आहे ते वाचून दाखवा, एक चांगलं आणि एक करायचं राहिलेलं. रकाना कोरा असेल तर सांगण्यासारखं काही उरत नाही, आणि मुलाला ते लगेच कळतं.

पुढच्या १ ऑगस्टला, किंवा २३ जानेवारीला, किंवा मराठी भाषा गौरव दिनाला तुम्हाला परीक्षक म्हणून बोलावणं आलं, तर हो म्हणण्याआधी संयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचारा. रकाने आणि त्यांचे गुण मुलांना आठवडाभर आधी कळवले आहेत का? बेरीज गुणांची करायची की क्रमांकांची, हे पत्रकात लिहिलं आहे का? आणि निकालाआधी बोलायला दहा मिनिटं मिळतील का? तिसऱ्याला ते 'वेळ कमी आहे' म्हणतील. तेव्हा पाहुण्यांच्या सत्कारातली दहा मिनिटं मागून घ्या.